इक्विव्हॅलंट रेझिस्टन्स काढताना आकृतीच्या आकाराला फसू नका: बिंदूंना नावं द्या आणि पुन्हा काढा

सिरीज आणि पॅरललचे दोन फॉर्म्युले सगळ्यांना पाठ असतात. सिरीज असेल तर बेरीज, पॅरलल असेल तर उलट्यांची बेरीज करून परत उलटं, एवढंच तर आहे. तरी सहा-सात रेझिस्टरचं जाळं समोर आलं की गाडी अडते, कारण कोण कोणाच्या सिरीजमध्ये आहे हेच कळत नाही. माझं पण तेच व्हायचं. परीक्षेत एका ओळीत काढलेले तीन रेझिस्टर मी सरळ बेरीज करून मोकळा झालो होतो, आणि मधल्या बिंदूतून चौथा रेझिस्टर खाली गेलाय हे मला पेपर तपासून हातात आल्यावर दिसलं. म्हणजे गणित बरोबर होतं, आकृती वाचायला चुकलो होतो.

पुढे मला एकाने बिंदूंना नावं देऊन आकृती पुन्हा काढायची सवय लावली आणि त्यानंतर असली चूक परत झाली नाही. तीच पद्धत इथे एकाच जाळ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवतो. पुस्तकात याला परिणामी रोध, एकसर जोडणी आणि समांतर जोडणी म्हणतात, मी बोलताना वापरतो तेच शब्द वापरतोय, अर्थ तोच.

## काय काय लागेल

कोरे कागद, आणि ते भरपूर घ्या, कंजूषी करू नका कारण प्रत्येक पायरीला नवीन आकृती काढायची आहे. पेन्सिल, खोडरबर, चार-पाच रंगांचे स्केचपेन आणि साधा कॅल्क्युलेटर. खरे रेझिस्टर जोडून बघायचे असतील तर ब्रेडबोर्ड आणि मल्टिमीटर, पण त्याच्याशिवाय काही अडत नाही.

## पायरी १: कोणत्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स हवाय ते आधी ठरवा

हे इतकं साधं वाटतं की लोक सोडूनच देतात. पण "या सर्किटचा इक्विव्हॅलंट रेझिस्टन्स किती" या प्रश्नाला तसा काही अर्थच नसतो, दोन टोकं सांगितली तरच अर्थ येतो. बॅटरी काढलेली असेल तर बॅटरीची दोन टोकं ही तुमची टोकं. त्यांना A आणि B म्हणा आणि भोवती ठळक गोल काढा. टोकं बदलली की तेच रेझिस्टर सिरीजचे पॅरलल होतात, ते पुढे आकड्यांनी दाखवतो.

## पायरी २: वायरला रंग द्या

सगळी पद्धत या पायरीवर उभी आहे, म्हणून इथे घाई नको. वायरला स्वतःचा रेझिस्टन्स नाही असं आपण धरतो, म्हणजे एका सलग वायरवरचे सगळे बिंदू विजेच्या दृष्टीने एकच बिंदू, मग ती वायर कागदावर कितीही लांब असो, वाकडी असो, तिला दहा फांद्या असोत. अशा एका सलग तुकड्याला नोड म्हणतात.

करायचं काय, तर A पासून लाल स्केचपेन घेऊन निघायचं आणि रेझिस्टर लागेपर्यंत जिथे जिथे वायर जाईल तिथे तिथे लाल करत जायचं. रेझिस्टर आडवा आला की थांबायचं, त्याच्या आत किंवा पलीकडे लाल जाणार नाही. सगळीकडून अडलात की लाल संपला. मग B पासून निळा. मग उरलेल्या प्रत्येक वायरच्या तुकड्याला एकेक नवा रंग, आणि प्रत्येक रंगाला एक अक्षर.

एक छोटं उदाहरण घेऊ जे जवळपास प्रत्येकाला एकदा तरी गंडवतं. तीन रेझिस्टर एका ओळीत आहेत आणि वरून-खालून दोन जादा वायरी टाकल्यात:

```
A --[12]-- P --[6]-- Q --[4]-- B

वायर 1: A ते Q
वायर 2: P ते B
```

बघताक्षणी डोकं म्हणतं सिरीज, १२ + ६ + ४ म्हणजे २२ ओहम. आता रंग द्या. A पासून लाल निघाला, तो वायर १ वरून थेट Q ला पोचला, म्हणजे Q पण लाल. B पासून निळा निघाला, वायर २ वरून P ला आला, म्हणजे P पण निळा. आता बघा, १२ च्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळा. ६ च्या एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला लाल. ४ च्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळा. तिन्ही रेझिस्टर त्याच दोन रंगांच्या मध्ये आहेत, म्हणजे तिन्ही पॅरलल!

```
1/R = 1/12 + 1/6 + 1/4 = 6/12
R = 2 ohm
```

२२ कुठे आणि २ कुठे. गंमत म्हणजे मधल्या ६ ओहममधून करंट उलटा, Q कडून P कडे वाहतो, कारण Q हाच A आहे. हे डोळ्याने कधीच दिसत नाही, रंग दिला की लगेच दिसतं.

रंग देताना एका गोष्टीकडे लक्ष असू द्या. दोन वायरी एकमेकींवरून जाताना दिसल्या आणि तिथे ठिपका नसेल तर त्या जोडलेल्या नाहीत, एक दुसरीवरून नुसती उडी मारून गेलीय. ठिपका असेल तरच रंग फांदीत शिरेल. हाताने उतरवून घेतलेल्या आकृतीत हा ठिपका फार वेळा राहून जातो, तेव्हा फळ्यावरून उतरवताना ठिपके आधी मोजून घ्या.

## पायरी ३: आकृती बाजूला ठेवा, यादी करा

आता खरं जाळं घेऊ. सात रेझिस्टर आहेत. एक चौकोन डोळ्यासमोर आणा, A डाव्या वरच्या कोपऱ्यात, B डाव्या खालच्या कोपऱ्यात. वरच्या कडेवर डावीकडून उजवीकडे R1 (३ ओहम), R3 (६ ओहम) आणि R5 (८ ओहम) एका ओळीत. उजव्या कडेवरून खाली येतो R6 (१२ ओहम). R1 आणि R3 च्या मधून R2 (१५ ओहम) सरळ खाली खालच्या कडेवर येतो. R3 आणि R5 च्या मधून R4 (५ ओहम) तिरका डावीकडे खाली येतो, वाटेत R2 च्या वायरवरून जातो पण तिथे ठिपका नाही, आणि तो खालच्या कडेवर R2 च्या डाव्या बाजूला टेकतो. खालच्या कडेवर या दोन टेकण्याच्या जागांच्या मध्ये R7 (१० ओहम) बसवलाय, आणि R7 च्या खालून एक नुसती वायर त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलीय.

हे वाचूनच कंटाळा आला असेल, आणि आकृती बघून तर अजून येतो. पण रंग द्या. A चा लाल R1 पाशी संपला. B चा निळा खालच्या कडेने निघाला, R7 पाशी अडला, पण खालच्या वायरवरून R7 च्या पलीकडे पोचला आणि तिथून R2 चं खालचं टोक, मग उजवा कोपरा, मग R6 चं खालचं टोक असं सगळं निळं झालं. R1, R2, R3 जिथे भेटतात त्याला C म्हणू, R3, R4, R5 भेटतात त्याला D, आणि R5-R6 च्या मधला E. आता प्रत्येक रेझिस्टरची दोन टोकं कोणत्या अक्षरावर आहेत ते लिहून काढा:

```
R1   3   A-C
R2  15   C-B
R3   6   C-D
R4   5   D-B
R5   8   D-E
R6  12   E-B
R7  10   B-B
```

ही यादी झाली की मूळ आकृतीचं काम संपलं. मी तर ती खरंच पालथी घालून ठेवतो, कारण समोर राहिली की डोळे परत तिच्या आकारात अडकतात.

यादीत पहिल्यांदा B-B सारखी जोडी शोधा. R7 ची दोन्ही टोकं एकाच नोडवर आहेत, म्हणजे त्याच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरकच नाही, म्हणजे करंट नाही. तो खोडून टाका. बाजूला वायर असलेला रेझिस्टर म्हणजे शॉर्ट झालेला रेझिस्टर, त्याची किंमत दहा असो की दहा लाख, काही फरक पडत नाही.

तसंच एखादं अक्षर यादीत एकदाच आलंय आणि ते A किंवा B नाही, असं दिसलं तर तो रेझिस्टर हवेत लोंबकळतोय, त्याच्यातून करंट कुठे जाणार? तो पण खोडा. आपल्या यादीत असा कोणी नाही.

## पायरी ४: यादीवरून स्वच्छ आकृती काढा

आता कोऱ्या कागदावर अक्षरं मांडा. माझी सवय अशी की A डावीकडे वर, मग C, D, E हे त्याच ओळीत उजवीकडे, आणि B साठी खाली एक लांब आडवी रेघ, पूर्ण रेघ म्हणजे B. मग यादीतला एकेक रेझिस्टर उचलायचा, त्याच्या दोन अक्षरांच्या मध्ये ठेवायचा आणि यादीत त्याच्यावर टिक करायची. टिक करायला विसरू नका, एखादा रेझिस्टर राहून जाणं किंवा दोनदा येणं हे इथेच होतं.

```
A --[R1 3]-- C --[R3 6]-- D --[R5 8]-- E
             |            |            |
          [R2 15]      [R4 5]      [R6 12]
             |            |            |
B -----------+------------+------------+
```

एवढंच होतं ते. तिरकी रेघ, उडी मारणारी वायर, शॉर्ट केलेला रेझिस्टर, सगळा पसारा गेला आणि शिडीसारखी आकृती उरली.

## पायरी ५: एका वेळी एकच जोडी, आणि प्रत्येक वेळी नवी आकृती

आता दोनच नियम लागतात आणि दोन्ही यादीवरून तपासता येतात.

पॅरलल कधी? दोन रेझिस्टरच्या अक्षरांची जोडी तीच असेल तेव्हा. आकृतीत ते समोरासमोर काढलेत की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही.

सिरीज कधी? दोघांमध्ये एक अक्षर सामाईक असेल, त्या अक्षरावर बरोबर दोनच रेझिस्टरची टोकं येत असतील, आणि ते अक्षर A किंवा B नसेल. तिसरं कोणी त्या बिंदूला लागलं की सिरीज मोडली, कारण आलेला करंट तिथे वाटला जातो. आणि सिरीजचा अर्थच हा की दोघांतून तोच करंट.

मग अक्षरं मोजू. C वर तीन टोकं (R1, R2, R3). D वर तीन (R3, R4, R5). E वर दोन (R5, R6). म्हणजे सिरीज फक्त R5 आणि R6. R3 आणि R5 एका सरळ रेषेत दिसतात, मला परीक्षेत याच ठिकाणी फटका बसला होता, पण D वर R4 लागलाय म्हणून ते सिरीज नाहीत. R2 आणि R4 पण शेजारी-शेजारी उभे दिसतात म्हणून पॅरलल वाटतात, पण एकाची जोडी C-B आणि दुसऱ्याची D-B, तेव्हा तेही नाही.

पहिली घडी. R5 + R6 = ८ + १२ = २० ओहम. E हे अक्षर आता नाहीसं झालं आणि नवा रेझिस्टर D-B मध्ये आला. आकृती पुन्हा काढा:

```
A --[3]-- C --[6]-- D ------+
          |         |       |
        [15]       [5]    [20]
          |         |       |
B --------+---------+-------+
```

दुसरी घडी. ५ आणि २० दोघांची जोडी D-B, म्हणजे पॅरलल. दोनच रेझिस्टर असतील तर गुणाकार भागिले बेरीज:

```
(5 x 20) / (5 + 20) = 100/25 = 4 ohm
```

पुन्हा काढा:

```
A --[3]-- C --[6]-- D
          |         |
        [15]       [4]
          |         |
B --------+---------+
```

तिसरी घडी. आता D वर दोनच टोकं उरली. मगाशी तीन होती, पॅरलल जोडी एक झाल्यावर दोन झाली. म्हणून आता, आणि आत्ताच, ६ आणि ४ सिरीज: १० ओहम, जोडी C-B. आकृती दर वेळी नव्याने का काढायची ते इथे कळतं. जुन्या आकृतीवरच खाडाखोड करत राहिलात तर D वरचं मेलेलं टोक तसंच दिसत राहतं आणि ही सिरीज लक्षातच येत नाही.

चौथी घडी. १५ आणि १० दोघं C-B, पॅरलल: १५० भागिले २५ म्हणजे ६ ओहम.

पाचवी घडी. आता C वर दोनच टोकं, ३ आणि ६ सिरीज, उत्तर ९ ओहम.

सुरुवात A-B च्या बाजूने नाही, सगळ्यात लांबच्या टोकाकडून झाली हे बघा. शिडीसारख्या जाळ्यात बहुतेक वेळा असंच होतं, टोकांपासून लांबचा भाग आधी मिटतो. पण ते पाठ करू नका, अक्षरं मोजलीत की कुठून सुरू करायचं ते आपोआप कळतं.

## पायरी ६: प्रत्येक घडीला उत्तर पटतंय का बघा

पॅरललचं उत्तर दोघांतल्या लहानापेक्षा लहान आलंच पाहिजे, आणि दोनच रेझिस्टर असतील तर लहानाच्या निम्म्याच्या खाली जाता कामा नये. ५ आणि २० चं उत्तर २.५ आणि ५ च्या मध्ये हवं, ४ आलं, ठीक. याच्या बाहेर आलं तर ९९ टक्के वेळा तुम्ही शेवटी उलटं करायला विसरलात, म्हणजे १/५ + १/२० = ०.२५ आलं आणि तेच ०.२५ ओहम म्हणून लिहून टाकलं.

दुसरी चूक, "गुणाकार भागिले बेरीज" हे तीन रेझिस्टरला लावणं. वरच्या १२, ६, ४ ला लावलं तर २८८ भागिले २२ म्हणजे १३ च्या वर काहीतरी येतं, जे सगळ्यात मोठ्या १२ पेक्षाही मोठं आहे, पॅरललमध्ये असं होऊच शकत नाही. तिघं असतील तर दोघांचं काढा, मग त्याचं आणि तिसऱ्याचं, किंवा सरळ उलट्यांची बेरीज करा.

## पायरी ७: आकृत्या फेकू नका, उलटं जाऊन पडताळा

जमा झालेल्या आकृत्यांचा खरा उपयोग इथे होतो. A-B ला १८ व्होल्टची बॅटरी लावली असं धरा आणि शेवटच्या आकृतीकडून पहिल्या आकृतीकडे मागे चालत या.

९ ओहम, १८ व्होल्ट, म्हणजे एकूण करंट २ अँपियर. एक आकृती मागे: R1 वर ३ × २ = ६ व्होल्ट गेले, C-B मध्ये १२ उरले. अजून मागे: १५ ओहममधून १२/१५ = ०.८ अँपियर, आणि १० ओहमच्या फांदीतून १२/१० = १.२ अँपियर. बेरीज २, जुळलं. अजून मागे: R3 वर ६ × १.२ = ७.२ व्होल्ट, म्हणजे D-B मध्ये ४.८. मग R4 मधून ४.८/५ = ०.९६ आणि R5-R6 मधून ४.८/२० = ०.२४. बेरीज १.२, जुळलं.

प्रत्येक जोडावर आलेला करंट आणि गेलेला करंट जुळला तर घड्यांची आकडेमोड बरोबर आहे असं समजा. पण रंग देतानाच चूक झाली असेल तर ही पडताळणी ती पकडत नाही, कारण मग तुम्ही दुसऱ्याच जाळ्याचं उत्तर बरोबर काढलेलं असतं. म्हणून आकडे जुळले तरी एकदा यादी आणि मूळ आकृती शेजारी ठेवून बघा.

## टोकं बदलली तर

मगाशी म्हटलं होतं ते आता करू. तेच सहा रेझिस्टर, पण या वेळी A आणि D मधला रेझिस्टन्स हवाय. आता B हे टोक राहिलं नाही, साधा नोड झाला. R5-R6 चे २० आणि R4 चे ५ अजूनही पॅरललच, ४ ओहम, जोडी D-B. पण आता B वर दोनच टोकं आहेत, R2 चं आणि या ४ चं, म्हणून ते सिरीज: १५ + ४ = १९, जोडी C-D. R3 पण C-D. पॅरलल:

```
(6 x 19) / (6 + 19) = 114/25 = 4.56
3 + 4.56 = 7.56 ohm
```

पहिल्या वेळी त्या ४ ओहमच्या सिरीजमध्ये R3 होता, आता R2 आला. एकही वायर हलवलेली नाही. आणि C-B मधला विचारला असता तर R1 नुसता लोंबकळला असता आणि उत्तर ६ आलं असतं. म्हणून "R2 आणि R3 चं नातं काय" असं टोकं न सांगता कोणी विचारलं तर उत्तर देत बसू नका.

## खऱ्या रेझिस्टरवर बघायचं असेल तर

३, ६, ५ ओहम असे छोटे रेझिस्टर घेऊ नका, मल्टिमीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स ओहमच्या काही दशांशांचा असतो आणि तो उत्तरात मिसळतो. किलोओहम घ्या. ६, ५ आणि ८ किलोओहम नेहमीच्या मालिकेत मिळत नाहीत, म्हणून ३, १५, ६.२, ५.१, ८.२ आणि १२ किलोओहम वापरा. याच पाच घड्या घातल्या की उत्तर सुमारे ९.१ किलोओहम येतं. सोनेरी पट्टीचे म्हणजे ५ टक्के टॉलरन्सचे रेझिस्टर असतील तर मीटरवर साधारण ८.६४ ते ९.५५ च्या मध्ये काहीही दिसलं तरी ते बरोबरच समजा. बॅटरी काढून मोजा, आणि दोन्ही प्रोबची टोकं बोटांनी धरून ठेवू नका, नाहीतर तुमचं शरीर पण एक पॅरलल रेझिस्टर होतं.

## ही पद्धत कुठे अडते

आपल्याच जाळ्यात R7 च्या खालची ती वायर काढून टाका. एवढाच बदल. आता R7 ची दोन टोकं वेगळी झाली, R2 आणि R6 जिथे टेकतात त्याला Y म्हणू. यादी करून R5-R6 ची सिरीज मिटवली की उरतं:

```
R1   3   A-C
R3   6   C-D
R2  15   C-Y
R4   5   D-B
R7  10   Y-B
    20   D-Y
```

अक्षरं मोजा: C वर तीन, D वर तीन, Y वर तीन. सारखी जोडी एकही नाही. म्हणजे सिरीज नाही, पॅरलल नाही, तुम्ही कितीही वेळा पुन्हा काढा, घडी पडणारच नाही. हा ब्रिज आहे, व्हीटस्टनच्या नावाने ओळखला जातो तोच. दोन रेझिस्टर "जवळपास पॅरलल" वाटतात म्हणून जबरदस्तीने एक करायचा मोह इथे सगळ्यात जास्त होतो. नका करू.

आधी बघायचं की तो बॅलन्स आहे का: R3/R4 म्हणजे ६/५ = १.२, आणि R2/R7 म्हणजे १५/१० = १.५. सारखे नाहीत. R7 जर १२.५ ओहम असता तर दोन्ही १.२ झाले असते, D आणि Y मध्ये व्होल्टेजचा फरकच राहिला नसता आणि मधला २० खोडून पुढे जाता आलं असतं.

बॅलन्स नसेल तर स्टार-डेल्टा करावं लागतं, तो वेगळा विषय. पण उत्तर कुठे असेल ते आपल्या पद्धतीनेही पकडता येतं. मधला २० पूर्ण काढून टाकला असं धरा: ६ + ५ = ११ आणि १५ + १० = २५ पॅरलल, ७.६४, त्यात R1 चे ३ मिळवून १०.६४ ओहम. आता उलट, २० च्या जागी नुसती वायर टाकली असं धरा, म्हणजे D आणि Y एकच अक्षर: ६ आणि १५ पॅरलल ४.२९, ५ आणि १० पॅरलल ३.३३, त्यात ३, एकूण १०.६२ ओहम. जाळ्यातला कुठलाही एक रेझिस्टर वाढवला तर एकूण रेझिस्टन्स कमी होऊ शकत नाही, त्यामुळे खरं उत्तर या दोघांच्या मध्येच असणार. स्टार-डेल्टाने काढलं तर १०.६३ येतं.